पाया किती खोल घ्यायचा? काळी माती, भराव आणि दारातला लिंब

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घरात एक तडा आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघतो आणि तिरका वर स्लॅबकडे जातो. मे महिन्यात त्यात दहा रुपयांचं नाणं आरामात बसतं. ऑगस्टमध्ये तोच तडा इतका मिटतो की नखही जात नाही. अण्णा दर दिवाळीला त्यात सिमेंट भरतात आणि दर उन्हाळ्यात शेजारी नवा तडा पडतो. लहानपणी मला वाटायचं, गवंड्याने सिमेंट कमी टाकलं असेल.

गेल्या वर्षी दादाने गावातच नवीन घर बांधायचं ठरवलं. तळमजला फक्त, ३० बाय २४ फूट. गुत्तेदार म्हणाला, "एकच मजला आहे, चार फूट पाया रग्गड झाला." दादाने मला फोन केला, कारण घरातला इंजिनिअर मी. मी सॉफ्टवेअरवाला, पण हे दादाला कोण सांगणार! मग मी वाचत बसलो, एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठलं आणि प्लॉटवर खड्डे खणून माती मोजली. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. तुमच्या घरी बांधकाम निघणार असेल आणि जमीन काळी असेल, तर हे गुत्तेदाराला ॲडव्हान्स देण्याआधी वाचा.

माती श्वास घेते

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या चळती. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच आकसण्याच्या. घराखालची मातीसुद्धा हेच करते, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

पण घराखालची सगळी माती एकसारखी हलत नाही. घराच्या मधोमध ऊनही लागत नाही आणि पाऊसही पडत नाही, त्यामुळे तिथला ओलावा वर्षभर जवळपास तेवढाच राहतो. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकून खाली बसते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. म्हणजे घराच्या कडा दर वर्षी खाली-वर होतात आणि मधला भाग जागेवर राहतो. विटांच्या भिंतीला असं वाकणं जमत नाही. ती जिथे कमजोर असते, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात, तिथे फुटते. आमचा तडा ऋतूप्रमाणे उघडतो-मिटतो तो यामुळेच.

इथे गुत्तेदाराचं "एकच मजला आहे" हे वाक्य उलटं पडतं. आपल्याला वाटतं, घर हलकं म्हणजे पाया कमी चालेल. दादाच्या घराचा हिशोब केला तर तीन फूट रुंद पट्टीच्या पायावर, पायाचं स्वतःचं वजन धरूनही, एका चौरस मीटरवर साधारण पाच टन भार येतो. काळ्या मातीला फुगायला जागा दिली नाही, तर ती चौरस मीटरमागे दहा-वीस टनांच्या जोराने वर ढकलू शकते. म्हणजे माती घराचं वजन पेलेल की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न हा आहे की माती घराला उचलेल का. हलकं घर उचलणं तिला सोपं जातं.

म्हणून पायाची खोली मजल्यांवरून ठरत नाही. निदान काळ्या मातीत तरी नाही. ती तीन गोष्टींवरून ठरते: ऋतूचा ओलावा किती खोल बदलतो, भराव कुठपर्यंत आहे आणि झाडाची मुळं कुठपर्यंत पाणी ओढतात. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर:

```python
depth = max(season, fill, tree)
```

तिन्हींची सरासरी काढायची नाही. जो आकडा सगळ्यात मोठा, तो खरा. आता एकेक बघू.

पहिला आकडा: ऋतू किती खोल जातो?

वरची माती मे आणि ऑक्टोबर यांत प्रचंड बदलते. जसजसं खाली जाऊ तसतसा हा फरक कमी होतो आणि एका खोलीवर जवळपास संपतो. पाया त्या खोलीच्या खाली टेकायला हवा. ही खोली शोधण्याची पद्धत अगदी साधी आहे: दोन ऋतूंत माती मोजायची.

मे महिन्यात आम्ही जेसीबीने प्लॉटवर तीन खड्डे घेतले. प्रत्येक फुटाला बकेटमधून आलेल्या ढेकळाच्या आतली माती काढून लगेच पिशवीत बांधली आणि पिशवीवर खोली लिहिली. खड्ड्यात उतरलो नाही, तुम्हीही उतरू नका. पाच फुटांपेक्षा खोल सरळ खड्ड्याची बाजू कसलीही सूचना न देता ढासळते.

घरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मातीचं वजन केलं. मग ती ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास सुकवली आणि परत वजन केलं. लॅबमध्ये हेच १०५ ते ११० अंशांवर २४ तास ठेवून करतात. वजन उतरायचं थांबलं की माती सुकली असं समजायचं. मग:

```
ओलावा % = (ओलं वजन - सुकं वजन) / सुकं वजन × 100
```

चार फुटांवरची माती ओली २५० ग्रॅम होती, सुकल्यावर २०५ ग्रॅम भरली. फरक ४५ ग्रॅम, भागिले २०५, म्हणजे २२ टक्के. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर पुन्हा तेच केलं. या वेळी खड्डे जुन्या खड्ड्यांपासून काही फूट लांब घेतले, कारण बुजवलेला खड्डा म्हणजे स्वतःच एक भराव. तिथे पाणी जास्त मुरतं आणि आकडे चुकतात. मोकळ्या जागेतल्या खड्ड्याचे आकडे असे आले:

| खोली | मे | ऑक्टोबर |
|---|---|---|
| १ फूट | ११ % | ३४ % |
| २ फूट | १५ % | ३३ % |
| ४ फूट | २२ % | ३० % |
| ५ फूट | २६ % | २९ % |
| ६ फूट | २८ % | २९ % |

चार फुटांची ओळ बघा. गुत्तेदार जिथे पाया टेकवणार होता, तिथली माती वर्षातून एकदा २२ वरून ३० टक्क्यांवर जाते आणि परत येते. अण्णांच्या घराचा पायाही साडेतीन-चार फुटांचाच आहे. सहा फुटांवर मात्र फरक जवळपास उरला नाही. म्हणजे आमच्या प्लॉटचा पहिला आकडा सहा फूट.

हा आकडा तुमच्या गावाला जसाच्या तसा लावू नका. एका दुष्काळी वर्षात ओलावा आणखी खोल बदलतो, म्हणून मोजलेल्या आकड्यात थोडी भर घालायला हवी. काळ्या मातीचा थर खूप जाड असेल तर अंडररीम पाइल, म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला खांब, किमान साडेतीन मीटर खोल घ्यावा असं भारतीय मानक सांगतं. साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फूट. इतकं खोल गेलं की ऋतूचा विषय सहसा संपतो.

दुसरा आकडा: भराव कुठे संपतो?

दादाचा प्लॉट दिसायला सपाट. पण ईशान्येच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात दोन फुटांखाली विटांचे तुकडे, मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग राखेचा काळपट थर लागला. आईने बघितलं आणि म्हणाली, "अरे, इथं तर उकिरडा होता!" कधी बुजवला ते कुणालाच नीट आठवेना. मी कंप्युटरवर Google Earth Pro उघडलं, Historical Imagery चं घड्याळ मागे नेलं, तर जुन्या फोटोत त्याच कोपऱ्यात खोलगट डाग स्पष्ट दिसला. प्लॉट घेण्याआधी हे पाच मिनिटांचं काम प्रत्येकाने करावं. बुजवलेली विहीर, जुनी खदान, नाल्याचा वळवलेला पदर, असं बरंच काही वरून सापडतं.

सैल भरावाचं दुखणं वेगळं असतं. तो फुगत नाही, बसतो. स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतो आणि पहिल्यांदा भरपूर पाणी मुरलं की एकदम खचतो. त्यामुळे घर बांधून दोन वर्षं काही होत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात बाथरूमचा पाइप गळतो आणि त्याच कोपऱ्यात भिंत उतरते. तडा बघून दोन्हींतला फरक ओळखता येतो. मातीच्या फुगण्याचा तडा ऋतूप्रमाणे उघडतो आणि मिटतो. भरावाचा तडा मिटत नाही, फक्त वाढतो. तड्यावर पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी पट्टी धरा आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलने त्याच अंतरावरून फोटो काढा. वर्षभराचे बारा फोटो बघितले की कुणालाही उत्तर दिसतं.

नियम सोपा आहे: भरावावर पाया टेकवायचा नाही, तो कितीही घट्ट वाटला तरी. भराव संपून मूळची न हललेली जमीन लागेपर्यंत खाली जायचं. आमचा भराव पाच फुटांवर संपला. त्याखाली पुन्हा काळी माती आणि साडेसात फुटांवर मुरूम. म्हणजे दुसरा आकडा पाच फूट. पहिल्यापेक्षा कमीच. पण म्हणून तो कोपरा सोपा झाला असं नाही. सैल भरावातून पाणी झटकन खाली जातं, त्यामुळे त्याच्या खालची काळी मातीही इतर ठिकाणांपेक्षा जास्त भिजते.

तिसरा आकडा: लिंबाची तहान

प्लॉटच्या दक्षिणेला आजीने लावलेला लिंब आहे. उंची साधारण तीस फूट, आणि घराची भिंत त्याच्यापासून अठरा फुटांवर येणार होती. झाडाची भीती म्हणजे मुळं भिंत फोडतात, असं सगळ्यांना वाटतं. काळ्या मातीत त्याहून मोठा त्रास म्हणजे मुळं मातीतलं पाणी ओढून घेतात. एका बाजूची माती बाकीच्या प्लॉटपेक्षा जास्त आणि जास्त खोलवर सुकते. मग घराची तेवढीच बाजू खाली जाते.

ढोबळ नियम असा, की झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढ्या अंतराच्या आत घर येत असेल, तर झाडाचा विचार पायात करावाच लागतो. झाडांची रांग असेल तर हे अंतर दीडपट धरा. आमचा लिंब तीस फुटांचा आणि अंतर अठरा, म्हणजे आम्ही पक्के आत.

लिंबाजवळच्या खड्ड्याने ते सिद्धच केलं. मे महिन्यात सहा फुटांवर ओलावा फक्त २२ टक्के होता, मोकळ्या जागेत तो २८ होता. ऑक्टोबरमध्ये भरपूर पाऊस होऊनही तो २४ च्या वर गेला नाही. म्हणजे पावसाळा सहा फुटांवरची तूट भरून काढू शकत नव्हता. साडेसात फुटांवर मुरूम लागेपर्यंत माती कोरडीच. तिसरा आकडा म्हणूनच सगळ्यात मोठा: साडेसात फूट, थेट मुरूम.

गुत्तेदाराचा उपाय तयार होता. "लिंब काढून टाका, मग चार फूट बास." हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण यात सगळ्यात मोठा सापळा आहे. झाडाने वर्षानुवर्षं सुकवलेली माती झाड गेल्यावर परत पाणी प्यायला लागते. ती एका पावसाळ्यात भरत नाही, काही वर्षं हळूहळू फुगत राहते. झाड तोडून लगेच त्या जागेजवळ उथळ पाया घातला, तर घर बसत नाही, उचललं जातं. तोडायचंच असेल तर तोडून काही पावसाळे जाऊ द्यावे लागतात किंवा पाया त्या सुकलेल्या थराच्या खाली न्यावा लागतो. आणि खालीच जायचं असेल तर मग झाड तोडायचं कशाला? आजीचा लिंब राहिला.

मग आम्ही काय केलं?

तीन आकडे: सहा, पाच, साडेसात. max काढला तर साडेसात फूट. मुरुमात अर्धा फूट आत जायचं म्हणून आठ फूट.

इथे दादाने विचारलं, "फक्त लिंबाकडची बाजू आठ फूट घेऊ, बाकी सहा. चालेल ना?" इंजिनिअरने ठाम नाही म्हटलं. अर्धं घर मुरुमावर आणि अर्धं काळ्या मातीवर, ही सगळ्यात वाईट अवस्था. मुरूम जागचा हलणार नाही, माती थोडी तरी हलणार, आणि दोन्हींच्या सांध्यावर भिंत फुटणार. सगळ्या घराचा पाया एकाच थरावर हवा.

पण सगळ्या भिंतींखाली आठ फूट खोल चर खणून दगडी पाया बांधणं खिशाला परवडणारं नव्हतं. म्हणून बारा कॉलम घेतले. प्रत्येक कॉलमचं फुटिंग आठ फुटांवर, मुरुमात. मधल्या कॉलमवर साधारण वीस टन भार येतो. त्याला चार फूट चौरस फुटिंग म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर जागा, चौरस मीटरमागे साडेतेरा टन. आमचा मुरूम घट्ट होता, पहार मारली तरी खणकन आवाज यायचा. इंजिनिअरने स्वतः खड्डा बघून हा भार चालेल असं सांगितलं. हा निर्णय फोटो बघून घेऊ नका, माणूस जागेवर आणा.

भिंती मातीवर नाही, कॉलमना जोडणाऱ्या प्लिंथ बीमवर उभ्या केल्या. आणि या बीमखाली जाणूनबुजून पोकळी ठेवली. मानकात किमान ८० मिलिमीटर सांगितली आहे, आम्ही चार इंच ठेवली. माती फुगली तर तिला वर यायला जागा हवी. बीम थेट मातीवर ओतला तर आठ फुटांचा सगळा खर्च पाण्यात, कारण माती बीमलाच उचलते. गवंड्याला हे पटेना. "खाली पोकळ ठेवून घर उभं राहील का?" असं त्याने तीनदा विचारलं. बाहेरच्या बाजूने पोकळीत माती, उंदीर जाऊ नयेत म्हणून फरशीचे तुकडे उभे लावले, बीमला न चिकटवता.

कॉलमच्या भोवतीचा खड्डा परत काळ्या मातीने बुजवला नाही, कारण फुगणारी माती कॉलमला बाजूने धरून वर ओढते. वाळूही नको, तिच्यात पावसाचं पाणी साठून राहतं आणि आजूबाजूच्या मातीला मुरतं. चिकट पण न फुगणारा मुरूम घेतला. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. अशा न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थरावर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलं आहे. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणातही तो थर वापरतात.

फुटिंगचे खड्डे खणले की लगेच तळाशी पीसीसी ओतायचं, हेही पाळलं. खड्डा आठवडाभर उन्हात उघडा राहिला तर बाजूची माती सुकून भेगाळते, आणि पाऊस आला तर तळाचा मुरूम चिखल होतो.

पाया झाला, पाणी राहिलं

पाया मुरुमावर गेला, पण जमिनीवरची फरशी अजून मातीवरच आहे. म्हणून जोत्यातली वरची दोन फूट काळी माती काढून मुरूम भरला. तरीही फरशीला एखादा बारीक तडा जाईल, हे दादाला आधीच सांगून ठेवलंय. तो अजिबात नको असेल तर फरशीलाही बीमवर टेकलेला स्लॅब घालावा लागतो. त्याचा खर्च आम्ही टाळला.

घराच्या चारही बाजूंनी पाच फूट रुंद उताराचा कोबा केला, म्हणजे कडेच्या मातीला थेट ऊन-पाऊस कमी लागतो. छताचं पाणी पाइपने प्लॉटच्या टोकाला नेलं. शोषखड्डा उकिरड्याच्या कोपऱ्यापासून लांब घेतला. आईला भिंतीला लागून अळू आणि केळी लावायच्या होत्या. त्यांना रोज पाणी लागतं, म्हणून त्या लिंबापलीकडे गेल्या.

गुत्तेदाराच्या हिशोबापेक्षा आमचा पाया जवळपास दीडपट खर्चाचा झाला. पैसे आले ते बाहेरचं प्लास्टर आणि रंग पुढच्या वर्षावर ढकलून. प्लास्टर नंतरही करता येतं. पाया परत खणता येत नाही.

घरात राहायला जाऊन एक मे आणि एक ऑगस्ट झाला. दर महिन्याच्या एक तारखेला दादा मला दोन फोटो पाठवतो, एक नव्या घरातल्या खिडकीच्या कोपऱ्याचा आणि एक अण्णांच्या घरातल्या त्या तड्याचा. नव्या घराचा कोपरा अजून कोरा आहे. एकाच वर्षावरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही, फोटो चालू ठेवलेत. अण्णांनी मात्र या दिवाळीला तड्यात सिमेंट भरलं नाही. म्हणाले, "राहू दे, पावसात मिटतो तो."